ओळख नसलेल्या सीनियरकडे 15 मिनिटं मागताना

"मी माटुंग्याला सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डोंबिवलीहून जाऊन-येऊन करते. आमच्याच कॉलेजमधून 2004 साली पास झालेले एक सर पुलांच्या डिझाइनमध्ये आहेत. माझी ओळख नाही, घरात कुणी इंजिनीअर नाही. त्यांच्याशी थोडं बोलायचंय, पण नोकरी मागतेय असं वाटायला नको. मसुदा असा आहे: 'आदरणीय सर, सादर नमस्कार. मी आपल्या कॉलेजची विद्यार्थिनी आहे. आपला प्रवास अत्यंत प्रेरणादायी आहे. मला करिअरबद्दल आपले अमूल्य मार्गदर्शन हवे आहे. आपण वेळ देऊ शकाल का? सोबत बायोडेटा जोडला आहे. काही संधी असल्यास कृपया कळवावे.' असाच पाठवू का? आणि मराठीत बरा दिसेल की इंग्रजीत?"

असाच पाठवू नकोस. यात उद्धट काही नाही, नम्रता तर भरपूर आहे. पण वाचून झाल्यावर सरांनी नेमकं काय करायचं, ते यातून कळत नाही.

मी 23 वर्षं स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आहे. त्यातली बरीच वर्षं आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघटनेत मुलांची आणि सीनियरांची गाठ घालून द्यायचं कामही करते. असे मेसेज मला येतात, आणि दुसऱ्यांना आलेलेही ते मला दाखवतात. त्यामुळे पलीकडच्या माणसाच्या हातात फोन असतो तेव्हा काय होतं, ते सांगते. संध्याकाळचे साडेसात वाजलेत, माणूस दादरच्या पुलावरून गर्दीतून उतरतोय आणि तुझा मेसेज येतो. मार्गदर्शन हवंय, पण कशाबद्दल? एम.टेक., परदेश, की सरकारी परीक्षा? वेळ हवाय, पण किती? दहा मिनिटं की दर रविवार? बायोडेटा जोडलाय आणि शेवटी 'संधी' आहे, म्हणजे मुळात नोकरीच हवी आहे का? ही तिन्ही उत्तरं मेसेजमध्ये नाहीत, म्हणून ती त्यांना शोधावी लागतात. ते तुला टाळत नाहीत. घरी गेल्यावर नीट उत्तर देऊ, असं म्हणून फोन खिशात ठेवतात, आणि घरी पोचेपर्यंत त्या मेसेजवर आणखी वीस मेसेज येऊन बसलेले असतात. माझ्या हातूनही असं झालंय, आणि चांगल्या मुलांच्या बाबतीत झालंय. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

15 मिनिटं बोलणं सीनियरला जड जात नाही. काय बोलायचं हे आपणच ठरवायचं, ते जड जातं. म्हणून तो विचार तू आधी करून ठेवायचा आणि त्यांच्याकडे फक्त उत्तर द्यायचं काम उरेल असं लिहायचं. मसुद्यातले शब्द बदलून हे साधणार नाही, कारण अडचण शब्दांच्या आधीची आहे. तुझा प्रश्नच अजून ठरलेला नाही.

प्रश्न कुठून काढायचा? त्यांच्या वाटेवरच्या एखाद्या वळणावरून. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पान उघडलं की `Alumni` असा भाग दिसतो. तिथे माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठे काम करतात, काय शिकले, यावरून निवडता येतात. या सरांचं पान तू पाहिलंच असशील. आता ते खालून वर वाच, म्हणजे जुन्या नोकरीपासून आजपर्यंत. समज, त्यात असं दिसलं: 2004 ला पास, मग तीन वर्षं एका उड्डाणपुलाच्या साइटवर, मग एम.टेक., आणि तेव्हापासून पुलांचं डिझाइन. या चार ओळींत एक वळण आहे. साइटवर तीन वर्षं काढलेला माणूस पुन्हा वर्गात जाऊन बसला. का बसला, साइटवर काय शिकला, ते डिझाइनच्या टेबलावर उपयोगी पडलं का, हे कुठल्याही वेबसाइटवर मिळणार नाही. ते त्यांनाच ठाऊक आहे.

याच्या उलट, जे तुला घरबसल्या कळू शकतं ते त्यांना विचारू नकोस. गेट परीक्षा कधी असते, एम.टेक.ला कुठे-कुठे प्रवेश मिळतो, डिझाइनला कुठली सॉफ्टवेअर लागतात, हे प्रश्न मेसेजमध्ये दिसले की सीनियरला वाटतं, हिनं अजून सुरुवातही केलेली नाही. पण तीच माहिती आधी काढून प्रश्नात वापरलीस, तर प्रश्नाला धार येते. उदाहरणार्थ, गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणजे शेवटच्या वर्षाला गेट देऊन, दोन वर्षं साइटवर काढून, त्याच स्कोअरवर एम.टेक.ला अर्ज करता येतो. हे ठाऊक असलेली मुलगी 'एम.टेक. करू का नोकरी करू' असं विचारत नाही. ती विचारते, 'दोन्ही जमतंय, तर आधी साइट केल्यानं डिझाइनला नेमका कुठे फायदा होतो?' या प्रश्नाचं उत्तर मी प्लॅटफॉर्मवर उभी राहूनही देऊ शकेन. साइटवर कधी न गेलेला पोरगा तुळई आणि खांबाच्या सांध्यात कागदावर इतक्या सळया बसवतो, की प्रत्यक्षात तिथे काँक्रीटच उतरत नाही. दोन वर्षं सळया बांधताना पाहिलेला माणूस असं ड्रॉइंग काढत नाही. बघ, नुसता प्रश्न लिहिला तर माझं उत्तर आपोआप सुरू झालं. सरांचंही तसंच व्हायला हवं.

पानावरचं सगळंच मेसेजमध्ये यायला हवं असं नाही. कामाचं एक वळण पुरे. घरच्यांचे फोटो, मुलांच्या शाळा, दहा वर्षांपूर्वीची एखादी पोस्ट यांचा उल्लेख आला की वाचणाऱ्याला आपल्यावर कुणीतरी नजर ठेवल्यासारखं वाटतं.

आता तुझ्या जागी मी असते तर काय लिहिलं असतं, ते लिहून दाखवते. पानावरची माहिती मी धरून चाललेली आहे, ती तू खरी घाल.

"नमस्कार सर,

मी आपल्याच कॉलेजात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आपली ओळख नाही. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांत आपलं नाव पाहून लिहिते आहे.

पास झाल्यावर आपण तीन वर्षं उड्डाणपुलाच्या साइटवर होतात आणि मग एम.टेक. करून डिझाइनकडे वळलात, असं आपल्या प्रोफाइलवर वाचलं. मला डिझाइनमध्ये जायचं आहे. शेवटच्या वर्षाला गेट देणार आहे. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे लगेच एम.टेक. करावं की आधी दोन वर्षं साइटवर काढावीत, हे ठरत नाही. साइटवरच्या त्या वर्षांचा आपल्याला डिझाइन करताना नेमका कुठे उपयोग झाला, हे आपल्याकडून ऐकायचं आहे.

त्यासाठी फोनवर 15 मिनिटं देऊ शकाल का? पुढच्या दोन आठवड्यांत मंगळवार ते गुरुवार संध्याकाळी 7.30 नंतर किंवा शनिवारी सकाळी मी केव्हाही बोलू शकते. आपल्याला दुसरी वेळ सोयीची असेल तर मी जुळवून घेईन. बोलणं शक्य नसेल तर दोन ओळींचं उत्तर किंवा व्हॉइस नोटही मला पुरेल.

नोकरी किंवा इंटर्नशिपसाठी हा मेसेज नाही. सध्या जमण्यासारखं नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल."

खाली पूर्ण नाव, शाखा, वर्ष. बस.

यातल्या काही जागा मी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. पहिल्या वाक्यात कॉलेज आणि वर्ष आहे, कारण फोनच्या पडद्यावर मेसेज उघडण्याआधी सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात. तुझ्या मसुद्यात ती जागा 'आदरणीय सर, सादर नमस्कार' यात संपते. 'सर, थोडं बोलायचं होतं' एवढंच लिहून उत्तराची वाट बघणारी मुलं तर फार आहेत. त्यांना वाटतं आपण परवानगी मागतोय, आणि वाचणाऱ्याला वाटतं यांचे पैसे अडले असतील किंवा काहीतरी विकायचं असेल.

'आपली ओळख नाही' हे सरळ सांगितलंय. त्यामुळे ही कुठे भेटली होती का, हे आठवत बसायची त्यांना गरज पडत नाही. प्रेरणादायी, अमूल्य, अत्यंत हे शब्द मी काढले. त्यांच्या तीन वर्षांच्या साइटची आठवण तू ठेवलीस, यात कौतुक आलंच, आणि ते त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाला चिकटवता येणार नाही.

वेळेबाबत मुलांचा नेहमी गोंधळ होतो. 'आपल्या सोयीने केव्हाही' हे ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात कॅलेंडर उघडून वेळ शोधायचं काम त्यांच्यावर येतं. उलट 'गुरुवारी 8 वाजता फोन करते' हा हुकूम झाला. म्हणून दोन-तीन मोकळ्या वेळा सांगायच्या आणि त्या बदलायची मुभा त्यांच्याकडे ठेवायची. बरेच जण 'शनिवार 10' एवढंच लिहून पाठवतात, आणि तेवढं लिहिण्याइतकं काम सोपं झालं की समजावं मेसेज नीट जमला.

भेट न मागता फोन मागितलाय, हेही मुंबईचा विचार करून. डोंबिवलीहून प्रभादेवीला किंवा बीकेसीला जाऊन 15 मिनिटं भेटायचं तर तुझा अर्धा दिवस जातो, आणि तू एवढ्या लांबून आलीस म्हटल्यावर त्यांनाही चहा पाजून तासभर बसावं लागतं. ते स्वतःहून ये म्हणाले तर जरूर जा, पण ऑफिसात, कामाच्या वेळेत, आणि घरी कुणाला तरी पत्ता सांगून. बाहेर कुठे किंवा उशिरा भेटायला सांगितलं तर 'सर, फोनवरच बोलूया, मला परतायला उशीर होतो' असं म्हणायला कचरू नकोस. सीनियर आहे म्हणून नको ते सोसायचं कारण नाही.

आता बायोडेटा आणि 'संधी'. हे दोन्ही मी काढलं, त्यावर थोडं सविस्तर बोलते, कारण हीच चूक मी केली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी एका मोठ्या कंत्राटदार कंपनीतल्या सीनियरला 'फक्त अनुभव ऐकायचाय' म्हणून गाठलं होतं. त्यांनी अर्धा तास फार मनापासून सांगितलं. निघताना मी पिशवीतून फाइल काढून पुढे केली. त्यांनी ती हसून ठेवून घेतली, आणि त्यानंतर माझा फोन कधी उचलला नाही. नोकरी मागितली याचा त्यांना राग आला नव्हता. अर्धा तास जे बोललो ते सगळं त्या फाइलसाठी होतं, असं त्यांना वाटलं असणार, आणि ते खरंच होतं.

म्हणून आधी स्वतःशी ठरव. तुला इंटर्नशिप हवी असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये तसं लिही. कुठल्या महिन्यांत, किती आठवडे, काय काय येतं, आणि मग बायोडेटा जोड. तो वेगळा मेसेज आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण बोलणं मागितलंस तर बोलण्यापुरतंच राहा. फोनवर त्यांनीच 'बायोडेटा पाठव' म्हटलं तर तो त्या संध्याकाळी गेला पाहिजे, म्हणून एक पानाचा तयार ठेव. तू जोडून पाठवलेला बायोडेटा मागणी ठरतो, तोच त्यांनी मागवला की त्यांची इच्छा ठरते.

भाषेचं. मराठी आडनाव दिसलं म्हणून मराठीत लिहायचं, असं मी करत नाही. ते स्वतः कशात लिहितात ते बघ. त्यांच्या पोस्ट, प्रतिक्रिया, कॉलेजच्या स्मरणिकेत काही लिहिलं असेल तर ते. मराठीत लिहिणारा माणूस असेल तर देवनागरीत मराठीच लिही, त्यानं जवळीक वाटते आणि ती खोटी नसते. सगळा व्यवहार इंग्रजीत दिसत असेल तर साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी लिही. रोमन लिपीतली मराठी मात्र पहिल्या मेसेजला नको. ती मित्राला चालते, अनोळखी माणसाला वाचताना प्रत्येक शब्द मनात उलगडावा लागतो.

संबोधन 'सर' हेच ठीक. 'दादा' किंवा 'काका' त्यांनी म्हणू दिलं तर पुढे म्हण. बाई असतील तर 'मॅडम', आणि 'ताई' त्यांच्या सांगण्यावरून. 'आपण' घेतलंस तर शेवटपर्यंत 'आपण', 'तुम्ही' घेतलंस तर शेवटपर्यंत 'तुम्ही'. अर्ध्यात बदललं की दोन ठिकाणांहून उचलून जोडल्यासारखं दिसतं. दोन्हींत अपमान कशातच नाही, पण पहिल्या मेसेजला मी 'आपण' घेईन. तुझ्या मसुद्यातलं 'कृपया कळवावे' हे सोसायटीच्या नोटिशीतलं आहे, 'कळवलंत तरी चालेल' हे माणसाशी बोललेलं आहे. मराठीत आदर 'आदरणीय' या शब्दात कमी आणि क्रियापदाच्या शेवटात जास्त असतो.

आणि नकाराची वाट. 'जमण्यासारखं नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल' हे वाक्य काढू नकोस. मुलांना वाटतं, आपणच नकार सुचवला तर नकारच येईल. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला नाही म्हणता येतं, तो हो म्हणायला कमी घाबरतो.

पाठवताना एक तांत्रिक अडचण येईल. लिंक्डइनवर आधी जोडणीची विनंती जाते, आणि मोफत खात्यावरून त्या विनंतीसोबतच्या चिठ्ठीला 200 अक्षरांची मर्यादा असते. महिन्यात अशा मोजक्याच विनंत्यांना चिठ्ठी जोडता येते, म्हणून ती वाया घालवू नकोस. देवनागरीत ही मर्यादा आणखी लवकर संपते, कारण यंत्र काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला पायमोडका हलंत हे सगळं वेगवेगळं मोजतं. 'विद्यार्थिनी' हा आपल्याला चार अक्षरांचा शब्द, यंत्राच्या हिशेबी 12 होतो. म्हणून वरचा मेसेज तिथे मावणार नाही. चिठ्ठीत एवढंच लिही:

"नमस्कार सर, मी आपल्या कॉलेजात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. साइट सोडून डिझाइनकडे वळण्याबद्दल एक प्रश्न विचारायचा आहे. विनंती स्वीकारलीत तर सविस्तर कळवते. नोकरीसाठी लिहीत नाही."

हे मोजून 174 भरतं. त्यांनी विनंती स्वीकारली की त्याच दिवशी मोठा मेसेज पाठव, कारण तेव्हा तू त्यांच्या लक्षात असतेस. विनंती पडून राहिली म्हणून घाईनं मागे घेऊ नकोस. मागे घेतलीस तर त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

लिंक्डइनवर ते फारसे येत नसतील, तर कॉलेजच्या माजी विद्यार्थी कक्षाला विचारून ईमेलनं पाठव. विषयाच्या जागी 'साइट की डिझाइन: सिव्हिल तिसऱ्या वर्षाची 15 मिनिटांची विनंती' असं काही, म्हणजे उघडण्याआधीच कळेल. कुणाकडून तरी नंबर मिळवून थेट व्हॉट्सअ‍ॅप करणं टाळ. पहिली शंका 'माझा नंबर हिला कुणी दिला' हीच येते, आणि तिथून पुढचं सगळं वाचताना ती सुटत नाही. एखाद्या प्राध्यापकांनी स्वतः नंबर दिला असेल तर त्यांची परवानगी घेऊन पहिल्या ओळीत त्यांचं नाव घाल. मग चालतं.

कधी पाठवायचं, याला बांधकामाच्या धंद्यात जास्त महत्त्व आहे. मार्च अखेर बिलांची धावपळ असते. एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याआधी काम सुरक्षित टप्प्यापर्यंत न्यायची घाई असते. मुंबईत रस्त्यांची कामं 31 मेपर्यंत उरकायचा तगादा असतो हे तू बातम्यांत वाचतच असशील, पुलांच्या पोचरस्त्यांनाही ते लागू होतं, आणि साइटवर काही अडलं की फोन डिझाइनवाल्यालाच येतो. जून सुरू झाला की थोडी उसंत मिळते. गणपतीत आणि दिवाळीत पाठवू नकोस. आठवड्यात मंगळवार ते गुरुवार सकाळी साडेआठ-नऊला पाठवलेला मेसेज मला तरी गाडीत बसल्यावर वाचायला मिळतो. सोमवार सकाळ मीटिंगांत जाते.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण कर. 'आपण मेसेज पाहिला नसावा' असं नको, त्यात टोमणा ऐकू येतो. एवढंच लिही: "नमस्कार सर, मागच्या आठवड्यात साइट आणि डिझाइनबद्दल एक प्रश्न विचारला होता. सध्या वेळ नसेल तर महिन्याभरानं विचारलं तरी चालेल का?" याचंही उत्तर आलं नाही तर थांब. तिसरा मेसेज नको, आणि त्यांच्या जुन्या पोस्टवर प्रतिक्रिया टाकून लक्ष वेधणंही नको. उत्तर न येणं म्हणजे तुझ्यावरचा शेरा नव्हे. त्यांचा बाप आजारी असेल, नोकरी बदलत असतील, कदाचित ते अनोळखी मेसेज वाचतच नसतील.

म्हणूनच एकाच माणसावर भिस्त ठेवू नकोस. एका वेळी तीन जणांना लिही, आणि तिघांनाही त्यांच्या-त्यांच्या वळणावरचा वेगळा प्रश्न विचार. एक साइटवरच राहिलेले, एक थेट एम.टेक. केलेल्या बाई, आणि हे सर. तिघांची उत्तरं शेजारी ठेवलीस की तुझा निर्णय बराचसा होईल. एकच मजकूर चाळीस जणांना चिकटवून पाठवणारी मुलं लगेच ओळखू येतात, कारण त्यांच्या मेसेजमध्ये वाचणाऱ्याबद्दल एकही ओळ नसते. एका मुलाचा तसा मेसेज माझ्या आणि माझ्या शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याच्या फोनवर एकाच सकाळी आला होता. दोन्हीकडे नाव सहकाऱ्याचं होतं.

समज, 'शनिवार 10' आलं. तेव्हा लोकलमध्ये असू नकोस. घरी किंवा शांत जागी बस, फोन चार्ज, कागद-पेन हाताशी. ठीक 10 ला तू फोन कर, त्यांच्या फोनची वाट बघू नकोस. पहिल्या अर्ध्या मिनिटात नाव आणि तोच प्रश्न पुन्हा सांग, कारण मेसेज त्यांनी चार दिवसांपूर्वी वाचलाय. तीन प्रश्न लिहून ठेव, पण पहिल्यावरच ते रंगले तर बाकीचे सोडून दे. माणूस आपल्या साइटच्या गोष्टी सांगायला लागला की त्यात जे मिळतं ते तुझ्या यादीत नसतं. 13-14 मिनिटं झाली की तूच म्हण, "सर, 15 मिनिटं होत आली, मी थांबते." बहुतेक जण म्हणतात, "अगं बोल, मला घाई नाही." मग पुढे बोल. 'घाई आहे' असा सूर आला तर एकच विचार: "यावर आणखी कुणाशी बोलावं असं आपल्याला वाटतं?" त्यांनी एक नाव दिलं, तर पुढचा मेसेज अनोळखी राहत नाही.

त्याच दिवशी आभार मान, तीन ओळींत. 'मौल्यवान वेळ दिल्याबद्दल' पेक्षा त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट आणि तू त्यावर काय करणार ते लिही. उदाहरणार्थ, "सळया बांधण्याचं काम जवळून बघ असं आपण म्हणालात. या सुट्टीत आमच्या सरांच्या ओळखीनं एका साइटवर तीन आठवडे जाणार आहे." आणि तो दिवस, ती गोष्ट वहीत टिपून ठेव, कारण खरं काम त्यानंतर आहे.

साइटवरून परत आलीस की, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, त्यांना पुन्हा लिही. काही मागू नकोस. काय पाहिलंस ते सांग: कुठल्या सांध्यात सळयांची गर्दी झाली होती, मुकादमानं ती कशी सोडवली, ड्रॉइंगमध्ये काय बदलायला हवं होतं. माझ्याकडे असा दुसरा मेसेज आजवर फार थोड्या मुलांनी पाठवलाय, आणि त्या सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. त्यातल्या एकीनं खांबातल्या सळयांच्या जोडाचा फोटो काढून पाठवला होता आणि खाली विचारलं होतं, "मॅडम, हे ड्रॉइंगप्रमाणे आहे, पण बरोबर आहे का?" ते बरोबर नव्हतं. मी जेवता जेवता उठून तिला फोन केला.